शाबिती कुणी करायची

आमच्या कॉलेजातल्या इतिहास मंडळाचं प्रोसिडिंगचं पुस्तक लाल कापडात गुंडाळून ग्रंथालयाच्या कपाटात ठेवलेलं असे. ते माझ्या हाती आलं तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. विद्यार्थी-चिटणीस म्हणून माझं नाव पुकारलं गेलं, तेव्हा माझी कानशिलं गरम झाली होती. आमच्या घरात माझ्या आधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मला वाटलं, या पुस्तकात आपल्या हातानं काही लिहायचं म्हणजे विद्येच्या घरात पाऊल टाकायचं. हे वाटणं खरं होतं, म्हणून सांगतो. त्या घरातल्या माणसांविषयी पुढं मला जे वाटलं तेही खरंच आहे, आणि ते बरं नाही.

मंडळाची एक रीत होती. पंधरा दिवसांनी शनिवारी दुपारी ग्रंथालयातच बैठक व्हायची. एक जण निबंध वाचायचा. निबंधातल्या एखाद्या विधानावर कुणी आक्षेप घेतला, तर त्यानं पुढच्या बैठकीत तो सिद्ध करायचा. आक्षेप आलाच नाही, किंवा आला आणि सिद्ध झाला नाही, की ते विधान पुस्तकात ‘निर्णीत’ म्हणून लिहायचं. निर्णीत विधानांची पानं जशीच्या तशी कॉलेजच्या वार्षिकात छापली जात. म्हणजे बोलणाऱ्यानं काहीही बोलावं, आणि ते खोटं आहे हे ऐकणाऱ्यानं दाखवावं. ही रीत कुणी घातली, कुणास ठाऊक. पण ज्याला कधी कशाचा पुरावा द्यावा लागला नव्हता, अशाच माणसाला ती सुचली असणार. मला तेव्हा तिच्यात काही वावगं दिसलं नाही. छापील नियम होते, आणि छापलेलं चुकीचं असतं हे मला अजून कळायचं होतं.

मंडळाचे आधारस्तंभ म्हणजे आमचे इतिहासाचे मुख्य प्राध्यापक. आवाज खणखणीत, धोतराची निरी कधी मोडलेली नसे, आणि बोलताना डोळे मिटून घ्यायची सवय. मुलांना वाटे, सर भूतकाळात पाहतात. माझं एम.ए.चं त्यांच्यावरच अवलंबून होतं. पुण्याला अर्ज करायचा तर विषयाच्या मुख्य प्राध्यापकांचं शिफारसपत्र लागायचं, आणि त्यांनी मला ते द्यायचं कबूल केलं होतं. ते पत्र मिळालं तर पुणे, नाही तर गावाकडं परत. माझ्यापुढं याहून जास्त वाटा नव्हत्या.

अध्यक्ष होते संस्थानच्या वेळचे एक निवृत्त न्यायाधीश. विलीनीकरणानंतर त्यांची खुर्ची गेली होती, म्हणून मंडळाची खुर्ची ते फार जपायचे.

त्या वर्षी डिसेंबरात सरांनी निबंध वाचला. त्यात त्यांनी सांगितलं, की जोतिबाच्या वाटेवरच्या एका खेड्यात विहिरीच्या काठाला एक शिला आहे, तिच्यावर प्राचीन लेख आहे, आणि त्यावरून त्या जागी एके काळी मोठी पाठशाळा होती हे स्पष्ट होतं. लेखातली तीन अक्षरं त्यांनी स्वतः वाचली होती.

ते खेडं माझं होतं. ती विहीर आमच्या वावराला लागून होती. आणि त्या धोंड्यावर मी वयाच्या आठव्या वर्षापासून विळा घासत आलो होतो.

मी उठलो. उठायचं ठरवलं नव्हतं. पाय आपोआप सरळ झाले.

“सर, तो दगड मला माहीत आहे,” मी म्हणालो. “त्याच्यावर रेघा आहेत. पण अक्षरं... तुम्ही कोणती तीन वाचली?”

सरांनी डोळे उघडले. “तुम्हाला ब्राह्मी येते?”

“नाही.”

“मग सांगून काय उपयोग?”

हशा झाला. मी तरी खाली बसलो नाही. “मला येत नाही, पण अध्यक्षांना, बाकीच्यांना दाखवता येईल. ठसा घेतलाय का, सर? किंवा कागदावर उतरवून?”

“मी चैत्रातल्या जत्रेच्या गर्दीत, उन्हात, पाव तास त्या शिलेपुढं उभा होतो. माझी दृष्टी हाच ठसा.”

इथंच मी थांबायला हवं होतं. विचारलं तेवढं पुरेसं होतं: दाखवा. शंका घेणाऱ्याला याहून जास्त काही द्यावं लागत नाही, शंकेचं कारण सांगितलं की झालं. पण माझी जीभ पुढं गेली. मी म्हणालो, “त्या विळे घासल्याच्या रेघा आहेत, सर.”

आता मीही एक विधान केलं होतं. ते माझं होतं, आणि ते उभं करायचं ओझं माझ्यावरच होतं. अध्यक्षांनी लगेच टेबलावर बोट आपटलं. “आक्षेप नोंदवला. चिटणिसांनी पुढच्या बैठकीत तो सिद्ध करावा. नाही तर विधान निर्णीत.”

मी चाचरत विचारलं, “आणि सरांनी काय सिद्ध करायचं?”

“त्यांनी मांडलंय. तुम्ही नाकारताय. नाकारणाऱ्यानं दाखवायचं.”

“पण अध्यक्षमहाराज, कोर्टात तर...”

“कोर्टात!” ते हसले. “अहो, कोर्टात दावा लावणाऱ्यानंच शाबिती करायची असते. असा कागद-साक्षीशिवायचा वादी आला असता, तर प्रतिवादीला तोंडसुद्धा उघडायला न लावता मी त्या वादीला तसाच घरी पाठवला असता. पण हे कोर्ट नव्हे. हे विद्येचं ठिकाण आहे.”

मी हे वाक्य शब्दशः लिहून घेतलं. चिटणीस होतो ना. तीस वर्षं ज्या माणसानं लोकांच्या जमिनी आणि अब्रू या एका नियमावर तोलल्या, त्याला तो नियम फक्त गुन्हेगार आणि भांडखोर लोकांसाठी असतो असं वाटत होतं. विद्वानांना तो लावणं म्हणजे त्यांचा अपमान.

मी गंगावेशीजवळ एका गवळ्याच्या माळ्यावर राहत होतो. खाली त्याच्या म्हशी, वर मी आणि वैरण. दोन वर्षं राहूनही तो मला पावणं म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे तो म्हशी घेऊन दूध विकायच्या कट्ट्यावर निघाला, तेव्हा मीही त्याच्यामागून गेलो. अभ्यासाकडं मन लागत नव्हतं. कट्ट्यावर गिऱ्हाईक पेला घेऊन उभं राहतं आणि गवळी त्याच्यासमोर धार काढतो. फेसासकट दूध पेल्यात.

मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून ऐकत होता.

“थांबा थांबा,” तो म्हणाला. “धोंड्यावर अक्षरं हाईत असं कोन म्हनतंय?”

“सर.”

“आनि न्हाईत हे दावायचं कुनी?”

“मी.”

त्यानं धार थांबवली. “पावणं, मी म्हनतो माझ्या दुधात पानी न्हाय. तर मी काय करतो? ही एवढी थोरली बया घरातनं हाकत हितं आनतो आनि चारचौघांत पिळतो. गिऱ्हाइकानं काय माझ्या घरात शिरून पान्याचा तांब्या हुडकत फिरायचा व्हय?”

पेला घेऊन उभा असलेला म्हातारा म्हणाला, “अरं, फेस बसाय लागला की. त्या पावण्याला सांग, मास्तराला म्हशीखाली बसीव.”

“त्यो मास्तर म्हस आनतच न्हाय, काका. नुसतं म्हनतोय, मला दिसली.”

सगळा कट्टा हसला, आणि मीही हसलो. पण मला लाजही वाटली. ज्यांना मी अडाणी समजून शहरात आलो, त्यांना हे धार काढता काढता कळत होतं. ज्यांच्याकडून शिकायला आलो, त्यांना ग्रंथालयात बसून कळत नव्हतं. कळत नव्हतं म्हणणं हासुद्धा माझा भाबडेपणाच. त्यांना कळत होतं.

तरी माझं विधान मला उभं करायचं होतं. पुढच्या रविवारी मी गावी गेलो. ठसा घ्यायची रीत मी एका जुन्या अहवालात वाचली होती. दगड घासून धुतला. पातळ कागद ओला करून त्यावर पसरला, आणि त्यासाठीचा खास ब्रश नव्हता म्हणून कपडे धुवायच्या कुंच्यानं ठोकत बसलो, म्हणजे कागद खाचांमध्ये शिरतो. मग थोडं वाळल्यावर चिंध्यांच्या बोळ्यानं शाई टेकवली. उंच भाग काळा झाला, खाचा पांढऱ्या राहिल्या. पहिले दोन कागद फाटले.

वडील बांधावर उभे राहून बघत होते. “धोंड्याचा फोटू काढाय लागलायस व्हय?”

“हो. याच्यावर लेख आहे म्हणतात.”

“कसला ल्येख? ह्यो माझा, ह्यो तुझ्या आज्ज्याचा.” त्यांनी कंबरेचा विळा काढून एका खाचेत ठेवला. पातं बरोबर बसलं. “आनि ही कडंची बारकी तुझी. तुला जोर न्हवता तवा.”

ठसा पसरून मी बराच वेळ पाहिला. मला खरंच शोधायचं होतं. अक्षर असतं तर मला आवडलं असतं. आपल्या विहिरीवर पाठशाळा असावी असं कुणाला वाटणार नाही? पण सगळ्या खाचा एकाच तिरप्या अंगानं गेलेल्या, मध्ये खोल आणि दोन्ही टोकांना उथळ, होडीसारख्या. छिन्नीनं कोरलेलं अक्षर असं नसतं. एकही रेघ दुसरीला जोडलेली नव्हती, एकही वळण नव्हतं.

पुढच्या बैठकीत मी तो कागद टेबलावर पसरला. वडिलांचा विळाही नेला होता, धोतरात गुंडाळून. खाचा कशा आहेत ते दाखवलं. पातं कसं बसतं ते ठशावर ठेवून दाखवलं. मी दोनदा ‘सर’ म्हणायच्या जागी ‘आबा’ म्हणालो. आबा म्हणजे आमचे वडील. मग म्हणालो, “या घासल्याच्या खुणा असल्याचं मी दाखवलं, असं मला वाटतं. आता सरांनी ती तीन अक्षरं या कागदावर कुठं आहेत ते दाखवावं.”

माझ्या मते आता पाळी त्यांची होती. एका बाजूनं काही ठेवलं, की दुसऱ्या बाजूनं उत्तर द्यायचं. एवढं साधं असतं ते.

सर उठले. कागदाकडं त्यांनी पाहिलंही नाही.

“यांनी माझंच काम केलं,” ते म्हणाले. “या घासल्याच्या खुणा आहेत, मान्य. पण कशावर घासल्या? लेखावर! खाली अक्षरं होती. मी पाहिली तेव्हा तीन शिल्लक होती. यांच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या विळे घासून एक अमोल लेख नष्ट केला, आणि आज हे इथं येऊन विचारतात, लेख दाखवा!”

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. माझ्या वर्गातल्या, शेतकऱ्यांच्या घरातून आलेल्या मुलांनीही वाजवल्या.

“पण सर, तीन शिल्लक होती तर आता कुठं गेली? तुम्ही चैत्रात पाहिलंत.”

“चैत्रानंतर किती कापण्या झाल्या, ते तुम्हीच सांगा.”

“पण खाली अक्षरं होती, हे कशावरून?”

“नव्हती, हे कशावरून? कागदावर दिसत नाही म्हणजे नव्हतंच, असं सिद्ध होतं का?”

नाही, होत नाही. हे मला मान्य करावं लागलं आणि मी मोठ्यानं मान्य केलं, कारण ते खरं होतं. न सापडणं म्हणजे नसणं नव्हे. पण त्यातून असणंही निघत नाही! ज्याला असलेलं हवंय त्यानं ते आणावं. न सापडलेल्यावर त्याची मालकी कशी? हे मी त्या वेळी इतकं नीट बोललो नाही. “पण म्हणजे... तरी सुद्धा...” एवढंच बोललो.

अध्यक्ष म्हणाले, “आक्षेपक स्वतः कबूल करतात, की अक्षरं नव्हती हे सिद्ध झालेलं नाही. विधान निर्णीत. चिटणीस, लिहा.”

वडिलांचा विळा गुंडाळताना मला जो संताप आला, तो सरांच्या खोटेपणाचा नव्हता. खोटं आमच्या गावातही बोलतात. पण गावात खोटं बोलणारा निदान तुमचा विळा तुमच्यावरच उलटवत नाही. पुरावा नसल्याबद्दल त्यांनी आम्हालाच गुन्हेगार ठरवलं होतं. आणि त्या खोलीतला एकही जण, माझ्यासकट, उठून म्हणाला नाही, की जो पुरावा कधी कुणी पाहिला नाही, तो नष्ट केल्याचा आरोपसुद्धा आधी सिद्ध करावा लागतो.

बैठकीनंतर सर जिन्यात भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका. नोंद नीट करा. तुमचं पत्र मी लिहायला घेतलंय.”

‘नीट’ या शब्दाचा अर्थ मला कळला. दोन दिवस मी ते लाल पुस्तक माळ्यावर वैरणीशेजारी ठेवून त्याच्याकडं बघत बसलो. निर्णीत, एवढा एक शब्द लिहायचा. तो खोटाही नव्हता, अध्यक्षांनी तसं जाहीर केलंच होतं. मग मी शाई घेतली आणि जे घडलं ते सगळं लिहिलं.

तिसऱ्या बैठकीत रिवाजाप्रमाणं मागचं इतिवृत्त मी उभा राहून वाचलं. नोंद अशी होती:

“अध्यक्षांनी विधान निर्णीत असल्याचे जाहीर केले. प्रतिपादकांनी ठसा, छायाचित्र किंवा नक्कल सादर केली नाही. तीन अक्षरे कोणती, हे त्यांनी सांगितले नाही. अक्षरे होती व ती पुसली गेली, या म्हणण्याला त्यांनी आधार दिला नाही. आक्षेपकांनी सादर केलेला ठसा त्यांनी पाहिला नाही.”

सर म्हणाले, “हे खोडा.”

“यातलं काय चूक आहे, सर?”

“सगळं. हे इतिवृत्त नव्हे, हा उद्धटपणा आहे. अध्यक्षमहाराज, माझा याला आक्षेप आहे.”

मी अध्यक्षांकडं पाहिलं. मला धीट व्हायचं नव्हतं. मला फक्त नियम आठवला. मी म्हणालो, “आक्षेप नोंदवतो. आक्षेप घेणाऱ्यानं तो पुढच्या बैठकीत सिद्ध करायचा, असं आपलं...”

टेबलावर आपटायला उचललेलं बोट अध्यक्षांनी खाली घेतलं. त्यांच्याच खुर्चीचा नियम होता. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, “सर, तुम्ही काय दाखवलं होतं, ते पुढच्या वेळी आणा की.”

आता हशा माझ्या बाजूनं झाला. त्यात मला फारसा आनंद झाला नाही. मागच्या वेळी टाळ्या वाजवणारीच ती माणसं होती. आणि मी जिंकलो तोही त्याच वाकड्या नियमानं. माझी नोंद खरी होती म्हणून टिकली, असं मला वाटायला हवं होतं. ती टिकली ती नाकारणाऱ्यावर ओझं पडलं म्हणून. मी नोंदीत खोटं लिहिलं असतं, तरी ती अशीच टिकली असती.

पुढच्या बैठकीला सर आले नाहीत. पडसं झालं होतं म्हणे. आक्षेप सिद्ध झाला नाही, नोंद कायम झाली. निर्णीत विधान नोंदीसकट छापायचा रिवाज होता, आणि ती नोंद छापलेली सरांना नको होती, म्हणून त्या वर्षी वार्षिकात ते पानच आलं नाही. त्या जागी व्यायामशाळेचा फोटो आला.

शिफारसपत्र मात्र मला मिळालं. मार्चमध्ये शिपायानं बंद न केलेल्या पाकिटातून आणून दिलं. कॉलेजचं छापील शीर्षक, खाली एक वाक्य आणि वळणदार सही. वाक्य असं होतं: “या विद्यार्थ्याच्या चारित्र्याविरुद्ध अथवा बुद्धीविरुद्ध अद्याप कोणताही निर्णायक पुरावा माझ्यासमोर आलेला नाही.”

मी ते गवळ्याला वाचून दाखवलं.

“म्हंजे काय म्हनलंय?”

“मी चोर आणि मूर्ख आहे हे अजून सिद्ध व्हायचंय.”

तो इतका हसला, की म्हैस दचकली. “घाला पाकिटात. तिकडं कोन वाचतंय?”

मला ते पटलं नाही. पुण्याचे लोक वाचतील, असं मला मनापासून वाटत होतं. जागा मी मागत होतो, तर माझ्या लायकीचा पुरावा मीच द्यायला हवा, हे मला आता चांगलं कळलं होतं. म्हणून मी ते पत्र जोडलं नाही. गुणपत्रिका जोडली, आणि दगडाचा ठसा घडी न घालता गुंडाळून, वर सुती दोरा बांधून पाठवला. सोबत चार पानांचं टिपण: खाचांची लांबी, दिशा, विळ्याचं पातं, आणि शेवटी, ‘याखाली पूर्वी अक्षरे होती की नव्हती, हे मला सांगता येत नाही.’ असं वाक्य मी त्या वर्षात कुणाच्याही निबंधात वाचलं नव्हतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. शिफारसपत्राशिवाय अर्जाचा विचार करता येत नाही. मग मी सरांचं ते एक वाक्य पाठवलं. आठ दिवसांत प्रवेश मिळाल्याचं कार्ड आलं.

जूनमध्ये पुण्याला गेलो, तेव्हा कचेरीतल्या कारकुनानं माझी फाईल काढली. पहिल्या पानावर रकाने होते. ‘शिफारसपत्र’ यापुढं ‘आहे’ असं लिहून खूण केलेली होती. त्यानं टेबलाखालून माझी गुंडाळी काढून पुढं सरकवली.

“हे काय आहे? नेणार आहात का? जागा अडतेय.”

दोरा तसाच होता. गाठ मी बांधलेलीच होती. गावाकडं वैरणीच्या पेंढीला मारतात तसली, ओढल्याशिवाय न सुटणारी.